टिकलीखालचे सहा ओहम

एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून आमची शिकवणी शुक्रवारी सकाळी. विद्यार्थिनी एकच. वय एकोणचाळीस, दोन मुलांची आई, राहायला ठाकुर्लीला, नोकरी डोंबिवलीच्या विजेची पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात. आणि शिकवणारा मी, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेला, रक्तदाबाची गोळी घेणारा आणि तरीही ओरडणारा.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. दारात उभी राहून म्हणाली, "जय भीम सर. मी तुमची विद्यार्थिनी. इलेक्ट्रिकल, दुसरं वर्ष, शेवटून दुसरा बाक." तो बाक मला आठवला, त्यावर बसलेली मुलगी नाही. तीस वर्षांत त्या बाकावर किती जण बसून गेले असतील.

तिची हकीकत साधी होती. डिप्लोमाचे सगळे विषय सुटले, एक राहिला. सर्किट्स. चार वेळा बसली, चारही वेळा आपटली. मग लग्न झालं, मुलं झाली, कारखान्यात वायरिंगला लागली आणि हात इतका चांगला बसला की आता टेस्टिंग टेबलची प्रमुख जागा तिला द्यायला मालक तयार होते. पण त्या जागेला डिप्लोमा लागतो. एरवी राहिलेल्या विषयाची एवढी जुनी केटी कोणी विचारातही घेत नाही, पण जुन्या विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी मिळत होती. परीक्षा उन्हाळ्यात. ही हुकली की विषय कायमचा बंद आणि जागाही दुसऱ्याला.

"सर, एकच पेपर आहे. शिकवाल?"

तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, जुन्या कागदांनी फुगलेली. "माझे तेव्हाचे टेस्टचे पेपर आहेत सगळे. बघता का, माझं कुठे चुकतं ते कळेल."

"जुनं उकरून काढू नकोस," मी म्हणालो. "नवी वही आण."

पिशवी तिने गुपचूप खुर्चीखाली ठेवली. आतून बायको म्हणाली, "अहो, तिला आधी बसू तर द्या." तिला शिकवायचं ठरलं ते तिथेच ठरलं. माझ्या घरात असंच ठरतं.

गॅलरीत टेबल टाकलं. समोरच्या इमारतीतल्या बाया कपडे वाळत घालता घालता आमच्याकडे बघायच्या. त्यांना वाटत असणार की मी या बाईला कसली तरी जबरदस्त शिक्षा देतोय. वाटण्यात फारशी चूक नव्हती.

पेपरात दरवर्षी हमखास येणारं एक गणित असतं. कागदावर शिडीसारखं एक सर्किट काढलेलं असतं. दोन आडव्या रेघा, मध्ये पायऱ्यांसारखे उभे रेझिस्टन्स, वर एखादा आडवा रेझिस्टन्स, आणि इथे तिथे बॅटऱ्या. विचारतात काय, तर यातल्या एकाच ब्रँचमधून किती करंट जातो ते सांगा. सगळी समीकरणं मांडत बसलं तर तास जातो आणि डोकंही. म्हणून आधी सर्किट लहान करायचं. त्याची युक्ती म्हणजे सोर्स बदलणं. बॅटरी आणि तिच्याशी सिरीजमध्ये एक रेझिस्टन्स असेल, तर त्याऐवजी करंट सोर्स काढायचा आणि तोच रेझिस्टन्स त्याला पॅरलल जोडायचा. करंट किती? व्होल्ट भागिले ओहम. बाहेरच्या सर्किटला फरक कळत नाही. मग पॅरलल झालेले रेझिस्टन्स एकत्र करायचे, पुन्हा उलटं बदलायचं, सिरीजमधले मिळवायचे. अशा रीतीने शिडी एकेका पायरीने आखूड होत जाते.

हे तिला पहिल्याच तासात कळलं. खरं सांगायचं तर तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं, कारण तिने लगेच विचारलं, "सर, बॅटरीला बाहेर काहीच जोडलं नाही तर तिच्यातून करंटच जाणार नाही. रेझिस्टन्स थंड. पण तो करंट सोर्सवाला काढला तर त्याचा करंट आतल्या आत रेझिस्टन्समधून फिरत राहणार. तो गरम होणार. मग दोन्ही सारखे कसे?"

मी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांत असा प्रश्न मला दोघातिघांनीच विचारला असेल. "सारखे फक्त बाहेरून," मी म्हणालो. "आत काय चाललंय ते वेगळं. आतलं विचारायचं नाही."

"हां," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला वाटलं, ही बाई चारदा नापास झालीच कशी?

तिसऱ्या शुक्रवारी कळलं. ती भराभर सोडवायची, भागाकार तोंडी, आकृत्या स्वच्छ, आणि शेवटचं उत्तर चूक. दर वेळी एकच गोष्ट व्हायची. सर्किट आखूड करायच्या भरात, ज्या ब्रँचचा करंट विचारलाय तीच ब्रँच ती शेजारच्या रेझिस्टन्सबरोबर एकत्र करून टाकायची. मग शेवटी उरलेल्या कुठल्यातरी रेझिस्टन्समधला करंट काढून त्याखाली दोन रेघा मारायची. आकडा खरा असायचा, पण विचारलेल्या ब्रँचचा नसायचा. ती ब्रँच तर दोन पायऱ्यांपूर्वीच नाहीशी झालेली असायची.

"अगं, गिळलीस!" मी ओरडायचो. "जिचा करंट हवा तीच गिळलीस! एकत्र केलीस की ती आत गेली. आतलं विचारायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"सर, ध्यानात असतं हो. पण सोडवायला घेतलं की हात चालूच होतो."

पुढचे दोन शुक्रवार हेच. पाचव्या शुक्रवारी माझा आवाज इतका चढला की बायको कांदेपोह्यांची बशी घेऊन बाहेर आली आणि बशी माझ्यासमोर न ठेवता तिच्यासमोर ठेवली. "आधी खा गं," म्हणाली. "यांचं चालूच राहणार."

ती खाता खाता आकृतीकडे बघत होती. अचानक हसली. "काकू, आमच्याकडे पॅनेल टेस्टिंगला घेतलं ना, की जी लाइन तपासायची तिला लाल टॅग बांधतात. मग कोणीही तिला हात लावत नाही. मालक आला तरी नाही." आणि बोलता बोलता तिने कपाळावरची टिकली काढली आणि आकृतीत विचारलेल्या रेझिस्टन्सवर चिकटवली. मोठी मरून रंगाची टिकली. रेझिस्टन्सची नागमोडी रेघ तिच्याखाली अर्धी झाकली गेली.

"आता हात लावायचा नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

त्या दिवशी तिची तीन गणितं लागोपाठ बरोबर आली. मी काही बोललो नाही. चांगलं झालं की बोलायचं नाही ही माझी जुनी खोड. बायकोने मात्र पुढच्या शुक्रवारी टिकल्यांचं अख्खं पाकीट टेबलावर आणून ठेवलं.

मग आला परीक्षेआधीचा शेवटचा शुक्रवार. पेपर बुधवारी होता. मी मुद्दाम एक गणित तयार केलं. डावीकडे अठरा व्होल्टची बॅटरी, तिच्याशी तीन ओहम सिरीजमध्ये. मग खाली उतरणारी सहा ओहमची पायरी. वर आडवा चार ओहम. मग पुन्हा सहा ओहमची पायरी. शेवटी उजवीकडे तीन ओहम आणि बारा व्होल्टची दुसरी बॅटरी. विचारलं काय, तर दुसऱ्या सहा ओहमच्या पायरीतला करंट.

"आज मी सोडवतो," मी म्हणालो. "तू फक्त बघ. परीक्षेत वेग कसा ठेवायचा ते बघ."

आणि सुरू झालो. अठराला तीनने भागलं, सहा अँपिअर. तीन आणि सहा पॅरलल, दोन ओहम. उलट बदललं, बारा व्होल्ट आणि दोन ओहम. वरचे चार मिळवले, सहा ओहम. पुन्हा बदललं, दोन अँपिअर आणि सहा ओहम. शेजारी सहा ओहम आहेतच, दोन्ही पॅरलल, तीन ओहम. पुन्हा बदललं, सहा व्होल्ट आणि तीन ओहम. समोर बारा व्होल्ट आणि तीन ओहम. फरक सहा व्होल्ट, एकूण सहा ओहम. एक अँपिअर. दोन रेघा. अडीच मिनिटं.

"बघितलंस?" मी पेन खाली ठेवलं.

ती बघतच होती, पण माझ्या वहीत नाही, तिच्या. तिने माझं ऐकता ऐकता तेच सर्किट स्वतः काढलं होतं आणि दुसऱ्या सहा ओहमवर टिकली होती.

"सर, माझं दीड येतंय."

"कसं येईल दीड? एक येतो. सुंदर, पूर्णांकात येतो."

"सर, पण..."

"पण नाही नि बिण नाही. पेपरला मधले चारच दिवस राहिलेत आणि तू अजून गोंधळतेस. टिकल्या लावून कोणी इंजिनीअर होत नाही. घरी जा आणि हे गणित दहा वेळा सोडव. एक आलं पाहिजे."

तिचा चेहरा उतरला. तिने वही मिटली, पाकिटातली टिकली घेऊन कपाळाला लावली, "येते काकू," म्हणाली आणि गेली. बायको दारापर्यंत गेली, परत आली आणि माझ्याकडे न बघता भाजी निवडायला बसली.

मी वर्तमानपत्र वाचायचा प्रयत्न केला. मन लागेना. शेवटी गॅलरीत जाऊन माझी वही उघडली. रागातच उघडली, तिची चूक शोधून फोनवर सांगायला. दीड कुठून आणलं हिने? समजा सहा ओहममधून दीड अँपिअर जातोय. म्हणजे त्या ठिकाणी नऊ व्होल्ट. उजवीकडे बारा, म्हणजे तीन व्होल्टचा फरक, तीन ओहम, एक अँपिअर उजवीकडून आत येतोय. डावीकडून बारा व्होल्ट आणि सहा ओहम, फरक तीन, अर्धा अँपिअर. एक आणि अर्धा, दीड. दीडच बाहेर जातोय. जितका आला तितकाच गेला.

मग माझा एक अँपिअर कुठला? तो उजवीकडच्या तीन ओहमचा होता. खराच होता, पण मी विचारलेला नव्हता. विचारलेला सहा ओहम मी "शेजारी आहेतच" म्हणत गिळला होता. स्वतःच्या हाताने, अडीच मिनिटांत, सुंदर पूर्णांकासाठी.

मी तिथेच बसून राहिलो. ऊन टेबलावर आलं होतं. तीस वर्षं हे शिकवलं, आणि जी टिकली मलाच हवी होती तिच्यावर मी ओरडलो होतो.

बायको भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग फोन करा."

"उद्या करतो."

"आणि तोपर्यंत ती बिचारी दीडचा एक करत बसेल. टिकल्या फेकून देईल. अहो, चार दिवस राहिलेत तिचे." मग भाजीची परात बाजूला ठेवून म्हणाली, "तिच्या मनात आता तुमचं बरोबर आणि तिचं चूक असं बसलंय. ते तुम्हीच काढायला हवं."

हे बरोबर होतं आणि म्हणूनच मला राग आला. पण माझं नाक त्या वेळी किती वर होतं ते मला माहीत आहे, आणि समोर त्या बाईची टेस्टिंग टेबलची जागा होती, अठरा वर्षांनी हातात आलेली. मी फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"सर, सहा वेळा सोडवलं. टिकली न लावता सोडवलं तर एक येतो."

"टिकली लाव," मी म्हणालो. "दीडच आहे. चूक माझी. मी गिळली."



"खरंच सर?"

"खरंच. तू कशी सोडवलीस ते सांग."

ती भराभर सांगू लागली. उजवीकडची बॅटरी बदलली, चार अँपिअर आणि तीन ओहम. डावीकडे दोन अँपिअर आणि सहा ओहम. दोन्ही मिळून सहा अँपिअर. सहा आणि तीन पॅरलल, दोन ओहम. "आणि टिकलीवाले सहा तसेच. मग सहा अँपिअर दोन ओहम आणि सहा ओहममध्ये वाटायचे. सहाच्या वाट्याला आठातले दोन हिस्से. दीड." मग थांबून म्हणाली, "सर, मला वाटलेलं मी परत नापास."

"शाब्बास," म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून फारसा बाहेर पडत नाही. बायकोने भाजीवरून मान वर केली.

बुधवारी ती पेपरहून सरळ आमच्याकडे आली. चेहऱ्यावरून काही कळेना. पाणी प्यायली आणि मग सांगितलं. हॉलमध्ये सुपरवायझरने आधीच बजावलं होतं की प्रश्नपत्रिकेवर नंबराशिवाय काही लिहायचं नाही, आणि उत्तरपत्रिकेवर कसलीही खूण दिसली तर कॉपी धरणार. म्हणजे टिकली लावायची सोय नाही. शिडीचं गणित आलेलं होतं, मोठ्या मार्कांचं.

"मग?" बायकोनेच विचारलं.

तिने डावा हात पुढे केला. अंगठ्याच्या नखावर मरून टिकली होती. "प्रश्नपत्रिकेवर त्या ब्रँचवर अंगठा ठेवला आणि गणित संपेपर्यंत उचलला नाही. सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेला. त्याला वाटलं असेल खाली काहीतरी लपवलंय. मी म्हटलं, साहेब, करंट आहे. तो गेला."

आम्ही तिघंही खूप हसलो. समोरच्या बाया कपडे टाकायचं थांबवून बघू लागल्या.

निकाल लागायला दीड महिना गेला. त्या दिवशी ती कामावरून परस्पर आली, युनिफॉर्ममध्येच. फोन माझ्या हातात दिला. "सर, तुम्हीच बघा. मला बघवत नाही." मी नंबर टाकला. पान उघडायला वेळ लागला तेवढ्यात तिने दोनदा ओढणी सारखी केली. सर्किट्स, पास. काठावर पास, पण पास. त्या एका गणिताचे मार्क वजा केले असते तर नापास.

ती रडली नाही. खुर्चीत बसली आणि खुर्चीखाली हात घालून ती जुनी प्लॅस्टिकची पिशवी काढली. पहिल्या दिवशी ठेवली होती, ती तिथेच राहिली होती. बायको दर आठवड्याला तिच्याभोवतीने झाडू मारायची.

"सर, आता तरी बघाल?"

तिने एक पिवळा पडलेला कागद काढला. टेस्टचा पेपर. कोपऱ्यातली माझी सही मला लगेच ओळखू आली. शिडीचं सर्किट, स्वच्छ आकृत्या, बरोबर भागाकार, आणि खाली दोन रेघांवर एक आकडा. त्या आकड्याभोवती माझ्या लाल पेनाचा गोल आणि शेजारी शून्य. बाकी काही नाही. कुठे चुकलं ते मी लिहिलं नव्हतं. दोन पायऱ्या वर तीच चूक स्पष्ट दिसत होती, विचारलेली ब्रँच शेजारणीबरोबर एकत्र केलेली.

"मी हा कागद चारही परीक्षांआधी बघायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं भागाकार चुकतो. भागाकार पाठ केले मी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी तरी काही बोललो असतो. त्या वेळी ढिगाने पेपर असायचे, मी शेवटचा आकडा बघायचो आणि गोल मारायचो. मला अभिमान होता माझ्या वेगाचा. लाज वाटली, तिच्यासमोर वाटली, आणि बायकोसमोरही. एक ओळ लिहायला किती वेळ लागला असता?

मी आत जाऊन लाल पेन शोधलं. त्या कागदावर, त्या एकत्र केलेल्या दोन रेझिस्टन्सशेजारी बाण काढला आणि लिहिलं, "ही ब्रँच विचारली आहे. हिला हात लावायचा नाही." खाली सही केली आणि आजची तारीख घातली. अठरा वर्षं उशिराची.

तिने तो कागद सावकाश वाचला. मग कपाळावरची टिकली काढली, माझ्या बाणाच्या टोकाला लावली आणि कागद घडी न घालता फाईलमध्ये ठेवला. बायकोने पाकिटातून दुसरी टिकली काढून तिच्या कपाळाला लावली आणि चहा टाकायला आत गेली.